साठ-वीस-वीस : एका त्रिकोणाचे आडवे आणि उभे छेद

भिवंडीत यंत्रमागांचा खडखडाट सगळ्यांना ऐकू येतो, पण मागावर ताणा चढण्याआधी त्या सुताला खळ लावावी लागते, आणि ते काम सायझिंगच्या कारखान्यात होते. खळीत बुडवलेले सूत वाफेने तापवलेल्या रुळांवरून वाळत जाते. म्हणून जिथे सायझिंग तिथे बॉयलर. बॉयलरच्या भट्टीच्या माथ्यावर, पाण्याच्या पातळीखाली, एक लहानसा प्लग बसवण्याची जुनी पद्धत आहे. त्यात तांब्याची एक निमुळती गुडदी लवकर वितळणाऱ्या धातूने जोडलेली असते. पाणी कमी झाले आणि प्लग उघडा पडला की ती धातू वितळते, गुडदी निखळते, वाफ आणि पाणी भट्टीत घुसते आणि आग विझते. फायरमनच्या डोळ्यांना झापड लागली तरी हा प्लग जागा असतो, असा त्यामागचा विश्वास.

प्लगमधली धातू कोणती असावी, हा प्रश्न सुमारे शंभर वर्षे चघळला गेला. तीन धातूंच्या मिश्रणाचा फेज डायग्राम वाचायला शिकवताना मला याच्याइतके चांगले उदाहरण दुसरे सापडलेले नाही. हा लेख त्या वाचनाचा आहे. समतापी छेद काय सांगतो, उभा छेद काय सांगतो आणि उभा छेद काय सांगत नसताना आपण त्याच्याकडून वदवून घेतो, एवढाच त्याचा आवाका.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये वाफेच्या बॉयलरवर वितळणाऱ्या धातूच्या चकत्या बसवणे बंधनकारक होते. तसा हुकूम १८२३ मध्ये निघाला. चकती बिस्मथ, शिसे आणि कथील यांच्या मिश्रणाची असे, आणि त्या बॉयलरच्या वाफेपेक्षा थोड्या वरच्या तापमानाला ती वितळावी अशी अपेक्षा असे. या तीन धातू काही नवख्या नव्हत्या. न्यूटनने १७०१ मध्ये आपली उष्णतेची मोजपट्टी मांडताना त्यांचीच मिश्रणे वापरली होती. प्रमाण बदलले की वितळण्याचे तापमान बदलते, मग हवे ते तापमान हव्या त्या प्रमाणातून मिळवा, इतका सरळ तो विचार होता. पुढे १८३० च्या दशकात फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने बॉयलरच्या स्फोटांची चौकशी केली. अलेक्झांडर डॅलस बाश तिचे प्रमुख होते. त्या चौकशीत या चकत्यांची खोड उघडी पडली. तापमान ठरलेल्या आकड्यापर्यंत पोहोचण्याआधीच मिश्रणाचा पातळ भाग वाफेच्या दाबाने पिळून बाहेर येई, आणि मागे उरलेला भाग ठरलेले तापमान ओलांडले तरी वितळत नसे. चकती आधी गळे आणि मग अडून बसे.

असे का होते, ते तेव्हा कोणाला नीट सांगता आले नसते, कारण तीन घटकांचा फेज डायग्राम तेव्हा जन्मलाच नव्हता. आज आपण ते कागदावर काढू शकतो.

एक मिश्रण घेऊ. बिस्मथ ६० टक्के, शिसे २० टक्के, कथील २० टक्के, सगळे वजनाने. समभुज त्रिकोणाचा एकेक कोपरा एकेका धातूचा. कोपऱ्यात ती धातू १०० टक्के, समोरच्या बाजूवर शून्य. आपला बिंदू बिस्मथच्या कोपऱ्यापासून समोरच्या बाजूच्या मध्याकडे जाणाऱ्या रेषेवर पडतो, कारण शिसे आणि कथील समान आहेत. तापमान या त्रिकोणावर उभे मोजायचे. म्हणजे संपूर्ण आकृती ही तीन भिंतींची एक खोली आहे. प्रत्येक भिंतीवर दोन धातूंचा ओळखीचा आलेख टांगलेला आहे. बिस्मथ-कथिलाच्या भिंतीवर यूटेक्टिक बिंदू १३९ अंशांना, ५७ टक्के बिस्मथपाशी. बिस्मथ-शिशाच्या भिंतीवर तो १२५ अंशांना, साधारण ५६ टक्के बिस्मथपाशी. शिसे-कथिलाच्या भिंतीवर १८३ अंशांना, ६२ टक्के कथिलापाशी. हा तिसरा बिंदू डाख लावणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला माहीत असतो. तिन्ही भिंतींवरून दऱ्या आत उतरतात आणि खोलीच्या मध्यभागी सगळ्यांत खोल जागी भेटतात. ती जागा ९६ अंशांना आहे, आणि तिथला द्रव साधारण ५२ टक्के बिस्मथ, ३२ टक्के शिसे आणि १६ टक्के कथील असा असतो. हा तिघांचा यूटेक्टिक.

(शिशाच्या बाजूला प्रकरण इतके साधे नाही. तिथे शिसे आणि बिस्मथ मिळून एक वेगळी घन प्रावस्था तयार करतात आणि दरीला मध्येच एक वळण बसते. ९६ अंशांना गोठणारा तिसरा घन पदार्थ खरे तर तीच प्रावस्था असते, शुद्ध शिसे नव्हे. आपले मिश्रण त्या वळणापासून दूर आहे, म्हणून मी तो कोपरा बाजूला ठेवतो.)

आता हे मिश्रण पूर्ण वितळवून हळू थंड करू. वर सगळे द्रव. १२५ ते १३० अंशांच्या दरम्यान कुठेतरी बिस्मथचे पहिले स्फटिक दिसतात. या स्फटिकांची एक सोय अशी की बिस्मथ आपल्यात कथील वा शिसे जवळजवळ शिरू देत नाही. स्फटिक शुद्ध, म्हणजे त्यांची जागा थेट कोपऱ्यात. एक भाग कोपऱ्यात गेला की उरलेला द्रव कोपऱ्यापासून नेमका उलट दिशेला सरकतो. शिसे आणि कथील यांचे आपसातले प्रमाण मात्र समानच राहते.

समतापी छेदाचे काम इथे सुरू होते. ११५ अंशांवर खोली आडवी कापा. मध्ये द्रवाचे एक बेट दिसते आणि बिस्मथच्या कोपऱ्यात ‘द्रव अधिक बिस्मथ’ असा पंख्यासारखा प्रदेश दिसतो. त्यातल्या सगळ्या जोडरेषा कोपऱ्यातून निघून बेटाच्या काठाला टेकतात. आपल्या बिंदूतून जाणारी जोडरेषा जिथे काठाला टेकते तो त्या क्षणीचा द्रव. माझ्या आकृतीत तो साधारण ५६-२२-२२ येतो. मग तराजूचा नियम लावायचा. एका पारड्यात बिस्मथ, दुसऱ्यात द्रव, आणि दांडी आपल्या बिंदूवर धरलेली. द्रव सुमारे ९१ टक्के, स्फटिक ९ टक्के.

याहून सोपा हिशेब शिशाचा आहे, आणि तो मी विद्यार्थ्यांना आवर्जून देतो. शिसे बिस्मथच्या स्फटिकात जात नाही आणि पुढे येणाऱ्या कथिलाच्या स्फटिकातही अगदी किरकोळ जाते. म्हणजे ९६ अंशांपर्यंत मिश्रणातले सगळे २० टक्के शिसे द्रवातच बसलेले असते. द्रवात शिसे २२ टक्के दिसले की द्रवाचा वाटा २० भागिले २२, म्हणजे ९१ टक्के. शिसे हा इथला प्रामाणिक हिशेबनीस. त्याला विचारले की बाकीचे आपोआप जुळते.

थंड होत होत द्रव बिस्मथ-कथिलाच्या भिंतीवरून आलेल्या दरीला जाऊन भिडतो. ती दरी मी भिंतीवरच्या बिंदूपासून मध्यापर्यंत सरळ रेष धरली आहे. खरी दरी थोडी वाकडी असते, पण इथे त्याने फारसे बिघडत नाही. भिडण्याची जागा साधारण ५३-२३-२३ येते आणि तापमान १०५ ते ११० च्या मध्ये. इथून कथीलही स्फटिक धरू लागते. आता द्रव, बिस्मथ आणि कथील असे तिघे एकत्र आहेत. प्रावस्था नियमाप्रमाणे स्थिर दाबाखाली तीन घटक आणि तीन प्रावस्था असतील तर एक मोकळीक उरते. म्हणून तापमान थांबत नाही, घसरतच राहते आणि द्रव दरीतून खाली वाहत जातो. दोन धातूंच्या आलेखावर पोसलेल्या डोळ्यांना हे खटकते, कारण तिथे तीन प्रावस्था एकत्र आल्या की तापमान खिळते. इथे खिळायला चौथी यावी लागते.

१०० अंशांवर दुसरा आडवा छेद घ्या. आता आपला बिंदू एका त्रिकोणात आहे. त्याचे एक टोक बिस्मथच्या कोपऱ्यात, दुसरे कथिलाच्या कोपऱ्याजवळ, तिसरे दरीतल्या द्रवावर. तो द्रव अंदाजे ५२.५ बिस्मथ, २९ शिसे आणि १८.५ कथील असा. तीन टोकांवर वजने ठेवलेले एक ताट कल्पा. बोट कुठे धरले तर ते तोलेल? नेमके आपल्या बिंदूवर. शिशाच्या हिशेबाने २० भागिले २९, म्हणजे द्रव ६९ टक्के. कथिलाचा हिशेब करा. द्रवात गेलेले वजा केले की साधारण ७ टक्के घन कथील उरते, आणि बाकीचे २४ टक्के घन बिस्मथ. तिन्हींच्या रचना आणि तिन्हींचे वाटे, सगळे एका कागदावरून मिळाले. समतापी छेदाचे बळ हेच. तो एका क्षणाचा पूर्ण फोटो असतो. त्याची मर्यादाही त्यातच आहे. गोठणे कधी सुरू झाले आणि कधी संपेल हे तो सांगत नाही. त्यासाठी एकावर एक बरेच फोटो रचावे लागतात.

९६ अंशांना पोहोचताना द्रव यूटेक्टिक रचनेचा असतो. शिसे २० भागिले ३२, म्हणून द्रवाचा वाटा ६२.५ टक्के. घन कथील १० टक्के, घन बिस्मथ २७.५ टक्के. (घन कथिलात खरे तर बिस्मथ बऱ्यापैकी विरघळते. १३९ अंशांना ते २१ टक्क्यांपर्यंत जाते. तेवढे धरले तर कथिलाचे स्फटिक दहाऐवजी बाराच्या जवळ जातील आणि बिस्मथ तितके कमी होईल. द्रवाचा आकडा मात्र हलत नाही.) हा ६२.५ टक्के द्रव मग एकाच तापमानाला, न हलता, गोठतो.

आता हाच प्रवास उलट करा, म्हणजे फ्रेंच चकतीची गोष्ट पुन्हा दिसेल. हे मिश्रण पूर्ण वितळते ते १२८ अंशांच्या आसपास. समजा कोणी मुशीत वितळवून पाहिले आणि वहीत नोंद केली, ‘वितळण्याचे तापमान १२८’. ते बसले बॉयलरवर. ९६ अंश होताच त्यातला ६२.५ टक्के भाग पाणी झाला. दाब त्याला थांबू कशाला देईल? तो पिळून गेला असे धरा. मागे उरले २७.५ भाग बिस्मथ आणि १० भाग कथील, शंभरात मोजले तर ७३ आणि २७. त्यात शिसे उरलेलेच नाही. म्हणजे तो सांगाडा आता खोलीच्या मध्यात नाही, बिस्मथ-कथिलाच्या भिंतीवर आहे. भिंतीवरचा यूटेक्टिक १३९ अंशांना. त्याआधी त्यातला एक थेंबही वितळणार नाही, आणि पूर्ण वितळायला १८० अंशांच्या वर जावे लागेल. ज्या चकतीवर १२८ लिहिले होते ती ९६ ला गळली आणि मग १३९ पर्यंत ढिम्म बसली. प्रत्यक्षात द्रव शेवटच्या थेंबापर्यंत पिळला जात नाही, त्यामुळे आकडे इतके टोकाचे येत नाहीत. पण खोड तीच.

हे घरच्या घरी पाहता येते. भिवंडी समुद्रसपाटीपासून फार उंच नाही, म्हणून तिथे पाणी जवळपास १०० अंशांनाच उकळते. यूटेक्टिक रचनेचा तुकडा उकळत्या पाण्यात टाकला तर तो चमकदार थेंब होऊन तळाशी बसतो. साठ-वीस-वीसचा तुकडा मात्र नुसता चिखल होतो. काठीने दाबला की रुपेरी द्रव कडेने सुटतो आणि मधला गोळा दाणेदार राहतो. द्रव ६९ टक्के, घन ३१ टक्के, हे आकडे असे हाताला लागतात. यात शिसे आहे, म्हणून भांडे स्वयंपाकाचे नको आणि ते पुन्हा स्वयंपाकघरात जायलाही नको.

आता उभा छेद. पुस्तकांत आणि कारखान्यांत हाच जास्त दिसतो, कारण तो दोन धातूंच्या आलेखासारखा दिसतो. गैरसमजाचे मूळही तेच साम्य आहे. बिस्मथ कायम ६० टक्के ठेवून खोली उभी कापा. डाव्या कडेला ६० बिस्मथ आणि ४० शिसे, उजव्या कडेला ६० बिस्मथ आणि ४० कथील, आपले मिश्रण नेमके मध्यावर. वरून एक छत दिसते, तिथे बिस्मथ स्फटिकायला लागते. त्याखाली ‘द्रव अधिक बिस्मथ’. डाव्या कडेवर १२५ पासून आणि उजव्या कडेवर १३९ पासून दोन रेषा खाली उतरतात आणि ९६ च्या आडव्या रेषेवर भेटतात. त्या भेटीची जागा २७ शिसे आणि १३ कथील यांच्या आसपास येते, कारण तिथे शिसे आणि कथील यांचे प्रमाण यूटेक्टिकमधल्यासारखे दोनास एक असते. नेमक्या त्या मिश्रणात दुसरा टप्पाच नसतो. बिस्मथ पडत राहते आणि मग एकदम सगळे गोठते.

या छेदावर मध्यावरून खाली बोट फिरवा. १२८ ला छत, १०८ च्या सुमारास उजवीकडची तिरकी रेष, ९६ ला तळ. टप्पे आणि त्यांची तापमाने एका दृष्टिक्षेपात मिळाली. बदलाचा क्रम जाणण्यासाठी याहून चांगले साधन नाही. विद्यार्थी इथपर्यंत बरोबर येतात आणि मग १०० अंशांवर एक आडवी रेष ओढून तिच्या टोकांवरून द्रवाची रचना वाचू लागतात. मी त्यांना एकच प्रश्न विचारतो. या कागदावरच्या प्रत्येक बिंदूत बिस्मथ किती? साठ टक्के. मग १०० अंशांना मिश्रणात असलेल्या तिघांपैकी साठ टक्के बिस्मथ कोणात आहे? स्फटिकात शंभर, द्रवात बावन्न, कथिलात वीसपेक्षा कमी. एकही नाही. म्हणजे तिन्ही प्रावस्था या कागदाच्या पुढे किंवा मागे आहेत, कागदावर कोणीच नाही. जोडरेषा या कागदाला भोसकून जातात, त्यावर पहुडत नाहीत. मग तराजू कुठे टांगणार?

याला एक अपवाद आहे आणि तो समजला की नियमही समजतो. खोली बिस्मथच्या कोपऱ्यातून समोरच्या बाजूच्या मध्यापर्यंत कापा, म्हणजे शिसे आणि कथील सर्वत्र समान. या छेदात पहिल्या टप्प्यातल्या जोडरेषा कागदावरच असतात, कारण शुद्ध बिस्मथचा कोपराही त्यावर आहे आणि द्रवही त्याच रेषेवर सरकतो. तिथे तराजू चालतो आणि ११५ अंशांना पुन्हा ९१ टक्केच देतो. पण कथील स्फटिकायला लागले की द्रव दरीत वळतो आणि कागद सोडून जातो. त्याच छेदात, त्याच मिश्रणाला, १०८ च्या खाली तराजू बंद.

उभ्या छेदाचा व्यवहारातला मोठा गिऱ्हाईक म्हणजे ओतीव लोखंड. यंत्रमागाच्या सांगाड्याचे करडे बीड हे लोखंड, कार्बन आणि सिलिकॉन या तिघांचे आहे. त्यासाठी २ टक्के सिलिकॉनचा उभा छेद पाहतात. त्यात यूटेक्टिकची आडवी रेष पातळ पट्टा होऊन बसलेली असते, कारण तिथेही तीन घटक आणि तीन प्रावस्था असल्याने तापमानाला थोडी मोकळीक मिळते. त्या छेदावरून गोठणे कुठल्या पट्ट्यात होते ते सांगावे. द्रवात किती कार्बन उरला, हे त्याला विचारू नये.

ही सगळी तापमाने प्रत्यक्षात कशी सापडतात? मुशीत थर्मोकपल ठेवून थंड होण्याचा आलेख काढून. साठ-वीस-वीसच्या आलेखात पहिले वळण स्पष्ट येते, कारण बिस्मथ गोठताना चांगली उष्णता सोडते. दुसरे वळण फसवे असते. कथील हळूहळू येते आणि उतार फक्त किंचित बदलतो, म्हणून घाईत ते नजरेतून सुटते. ९६ चा सपाट टप्पा लांब येतो, आणि मिश्रण यूटेक्टिकच्या जितके जवळ तितका तो लांब. त्या लांबीवरूनच संशोधकांनी खोलीचा तळ शोधला. सुरुवातीला द्रव थोडा अतिशीत होऊन मग उसळी घेतो, म्हणून पहिला आकडा खालचा धरला तर छत चुकते.

लवकर थंड केले तर आणखी एक फरक पडतो. कथिलाच्या स्फटिकात बिस्मथ विरघळते, पण आधी गोठलेल्या गाभ्याला नंतर आपली रचना सुधारायला वेळ मिळत नाही. त्यामुळे कथिलाच्या आणि बिस्मथच्या स्फटिकांचे वाटे समतोलाच्या हिशेबापेक्षा थोडे वेगळे पडतात. आकृती समतोलाची आहे, ओतकामाची नाही, हे दोन्ही छेदांना सारखेच लागू. आपल्या उदाहरणात हा फरक लहान आहे, कारण सर्वांत जास्त पडणारा बिस्मथचा स्फटिक शुद्धच असतो.

गेल्या काही दशकांत हे काम संगणकाकडे गेले आहे. कॅल्फॅड पद्धतीत प्रत्येक प्रावस्थेची मुक्त ऊर्जा गणिताने मांडतात आणि हवा तो छेद क्षणात छापून घेतात. कागदावर रात्र घालवणाऱ्या पिढीला हे वरदानच. पण एक तोटा मला दिसतो. छापून आलेला उभा छेद इतका सुबक असतो की तो दोन धातूंचा आलेख नाही हे विसरायला होते. फ्रेडरिक ऱ्हाइन्स यांच्या १९५६ च्या पुस्तकातली त्रिमितीय चित्रे वाचकाला खोलीत उभे करत. त्यामुळे कागद भिंतीला समांतर आहे की आडवा, हे विसरणे कठीण होते. सॉफ्टवेअर हवी ती जोडरेष काढून देते, पण ती मागावी लागते.

बॉयलरच्या प्लगपुरता निकाल लागून फार दिवस झाले. तीन धातूंचे मिश्रण सोडून शुद्ध कथील घेतले गेले. अमेरिकी नियमात ते किमान ९९.३ टक्के शुद्ध असावे लागते. शुद्ध कथील २३२ अंशांना एकाच तापमानाला वितळते, त्यातला कोणताही भाग आधी सुटत नाही. सायझिंगच्या बॉयलरमध्ये ७ किलो दाबाची वाफ सुमारे १७० अंशांची असते, म्हणून अंतर पुरेसे राहते. शिसे-कथिलाचा १८३ अंशांचा यूटेक्टिकही एकाच तापमानाला वितळतो, पण १० किलो दाबाला वाफच १८३ च्या वर जाते. तिथे तो निकामी.

धातुशास्त्र शिकवणाऱ्यांना एक विनंती आहे. उभा छेद फळ्यावर काढाल तेव्हा त्याच्या शेजारी त्याच मिश्रणाचा एक समतापी छेद काढा आणि दोन्हींवर तोच बिंदू ठळक करा. आणि उभ्या छेदाखाली खडूने लिहून ठेवा : यावर आडवी रेष ओढून वाटे काढू नयेत.